हरवलेल्या अंगठीचा दावा कसा लिहायचा

अंगठी हरवल्यावर विमा कंपनीला जे पत्र जातं, ते बहुतेक वेळा चार ओळींचं असतं. "माझी हिऱ्याची अंगठी प्रवासात हरवली. किंमत अंदाजे एक लाख रुपये. पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे. भरपाई लवकर मिळावी, ही विनंती." लिहिणाऱ्याला त्या अंगठीचा सगळा इतिहास पाठ असतो. ती कोणी दिली, कुठे घडवली, कोणत्या बोटात होती, हे सारं त्याला इतकं ठाऊक असतं की कागदावर उतरवायचं सुचतच नाही. कंपनीतल्या माणसाने मात्र ती अंगठी कधी पाहिलेली नसते आणि आता पाहायला ती उरलेलीही नसते. मोटारीचा अपघात झाला तर चेपलेलं दार दाखवता येतं, घरात आग लागली तर काळवंडलेली भिंत दिसते. हरवलेल्या अंगठीच्या दाव्यात दाखवायला काहीच नसतं, त्यामुळे पंचनाम्याचं काम पत्रालाच करावं लागतं.

ते कसं, हे एका उदाहरणावरून पाहू. माणसं कल्पित आहेत; कागदपत्रं, हिशेब आणि अडचणी नेहमीच्या व्यवहारातल्या आहेत. सांगलीच्या एक शिक्षिका घरच्यांबरोबर मालवणला गेल्या. रविवारी, 23 नोव्हेंबरला, सकाळी होडीने जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहिला आणि संध्याकाळी सगळे तारकर्लीच्या किनाऱ्यावर आले. गुडघाभर पाण्यात उभं असताना मागून मोठी लाट आली, बाईंचा तोल गेला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत वाळूत रुतले. सावरून उभ्या राहिल्या तेव्हा उजव्या हाताच्या अनामिकेत अंगठी नव्हती. अंधार पडेपर्यंत त्यांनी, नवऱ्याने आणि नणंदेने मिळून वाळू चाळली. अंगठी काही मिळाली नाही.

पत्राला हात घालण्याआधी पॉलिसी काढून वाचावी लागते, कारण 'माझा विमा आहे' या भरवशावर अनेक जण चुकीच्या पॉलिसीवर दावा करतात. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना काही पैशांत जो प्रवास विमा मिळतो, तो अपघाती मृत्यू, अपंगत्व आणि रुग्णालयाचा खर्च यांसाठी असतो. सामानाशी त्याचा संबंध नाही. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत सामानाचं कलम असतं, पण पुष्कळ पॉलिस्यांमध्ये दागिने त्यातून वगळलेले असतात किंवा त्यांना फार थोडी मर्यादा असते. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात दागिन्यांसाठी ऐच्छिक संरक्षण घेता येतं, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ती मुळात आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटांची पॉलिसी आहे. चोरीसुद्धा तिच्यात मोजली जाते ती अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत झाली असेल तरच. तारकर्लीच्या वाळूत निसटलेल्या अंगठीला तिचा उपयोग नाही.

उपयोग होतो तो दागिन्यांसाठी स्वतंत्रपणे घेतलेल्या 'ऑल रिस्क' संरक्षणाचा. ते वेगळ्या पॉलिसीत असतं किंवा गृहधारकांच्या जुन्या धर्तीच्या पॉलिसीतला एक विभाग म्हणून येतं. नाव 'सर्व जोखमी' असं असलं तरी त्यात अपवाद असतातच. झीज, कडी हळूहळू ढिली होऊन खडा पडणं, कुलूप न लावलेल्या गाडीतून झालेली चोरी हे नेहमीचे अपवाद. काही पॉलिस्यांमध्ये 'गूढरीत्या नाहीशी होणं' हेही वगळलेलं असतं, म्हणजे वस्तू कधी, कुठे, कशी गेली हे सांगताच येत नाही असा प्रकार. ही ओळ आपल्या पॉलिसीत आहे का, हे आधी शोधायचं. सोबत आणखी दोन गोष्टी बघायच्या. संरक्षण घरापुरतं आहे की देशभर, आणि अंगठी जोडलेल्या यादीत वेगळी लिहिली आहे की 'सर्व दागिने' अशा एका रकमेत धरली आहे. आपल्या शिक्षिकेच्या पॉलिसीत संरक्षण भारतभर आहे आणि अंगठी यादीत तिसऱ्या क्रमांकावर 90,000 रुपयांना नोंदलेली आहे.

पुढचा टप्पा पोलीस ठाण्याचा, आणि खरी गफलत इथेच होते. नात्यातलं कोणीतरी हमखास सांगतं, "चोरीला गेली असं लिहा, म्हणजे एफआयआर होईल आणि पैसे लवकर मिळतील." हा सल्ला घातक आहे. चोरीत गुन्हा घडलेला असतो, हरवण्यात घडलेला नसतो. लाटेत निसटलेल्या अंगठीसाठी चोरीची फिर्याद देणं म्हणजे खोटी फिर्याद देणं, आणि तो स्वतःच गुन्हा आहे. शिवाय दाव्यात जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं उघड झालं तर कंपनी पॉलिसीतल्या अटीवर बोट ठेवून पूर्ण दावा नाकारू शकते. मग अंगठी खरोखर हरवली होती, तिची किंमत खरी होती, यालाही काही अर्थ उरत नाही. हरवलेल्या वस्तूसाठी पोलीस 'मालमत्ता गहाळ' अशी नोंद करतात आणि तिचा दाखला देतात. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीनिशी पोच घ्यायची. खरोखर चोरी झाली असेल तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. रेल्वेतल्या चोरीची नोंद लोहमार्ग पोलीस करतात, त्यासाठी प्रवास अर्धवट सोडून उतरावं लागत नाही.

शिक्षिकेने त्याच रात्री मालवण पोलीस ठाण्यात नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून दावा नोंदणी क्रमांक घेतला आणि लगेच दोन ओळींचा ईमेलही पाठवला, कारण फोनवर काय बोललो हे नंतर दाखवता येत नाही. घरी परतल्यावर कागद गोळा करून तिने हे पत्र लिहिलं.

"प्रति,
दावा विभाग,
(कंपनीचे नाव आणि शाखा)

दिनांक: 27 नोव्हेंबर 2025

विषय: गृहधारक पॉलिसी क्र. ……, दागिने विभाग, यादीतील बाब क्र. 3, हिऱ्याची अंगठी गहाळ झाल्याबाबत. दावा नोंदणी क्र. ……

महोदय,

वरील पॉलिसीखाली विमा उतरवलेली माझी अंगठी दि. 23 नोव्हेंबर 2025 रोजी तारकर्ली (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) येथील समुद्रकिनाऱ्यावर गहाळ झाली. पॉलिसी त्या दिवशी चालू होती आणि तिच्या अटींनुसार संरक्षण संपूर्ण भारतात लागू आहे.

घटना अशी: त्या दिवशी सायंकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी किनाऱ्यावर घेतलेल्या छायाचित्रात अंगठी माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेत दिसते. अंदाजे 5.45 वाजता मी गुडघाभर पाण्यात उभी असताना लाटेच्या धक्क्याने पडले व माझे दोन्ही हात वाळूत रुतले. उठल्यावर, दोन ते तीन मिनिटांत, अंगठी बोटात नसल्याचे माझ्या लक्षात आले. अंगठी निसटताना मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. लाटेत पडतानाच ती निसटली, असे माझे मत आहे. मी, माझे पती व माझी नणंद यांनी अंधार पडेपर्यंत शोध घेतला. आम्ही राहिलो त्या निवासाच्या व्यवस्थापकांना व किनाऱ्यावरील दोन दुकानदारांना कळवून संपर्क क्रमांक दिला. रात्री 8.15 वाजता मालवण पोलीस ठाण्यात नोंद केली.

अंगठीचे वर्णन: 18 कॅरेट पिवळे सोने, एकूण वजन 4.20 ग्रॅम. मध्ये एकच गोल पैलूंचा नैसर्गिक हिरा, वजन 0.50 कॅरेट, प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचा क्र. …… सोन्याचे निव्वळ वजन 4.10 ग्रॅम. हिरा सहा नख्यांत बसवलेला. कड्याच्या आतल्या बाजूस हॉलमार्क. खरेदी ऑक्टोबर 2019, कोल्हापूर. कड्याच्या आत डावीकडे एक बारीक ओरखडा होता.

मूल्य: खरेदीचे बिल 86,880 रुपयांचे आहे. घटनेच्या दिवशी तशीच अंगठी नव्याने घेण्यास येणारा खर्च सोबतच्या लेखी कोटेशननुसार 1,14,330 रुपये आहे. यादीत या बाबीची विमा रक्कम 90,000 रुपये असल्याने माझी मागणी 90,000 रुपयांची आहे, पॉलिसीत वजावट असल्यास ती वजा करून.

या अंगठीसाठी माझी दुसरी कोणतीही विमा पॉलिसी नाही आणि अन्य कोठेही दावा केलेला नाही. अंगठी पुढे सापडल्यास मी आपणास तत्काळ लेखी कळवीन.

सोबत: पॉलिसी व यादीची प्रत, खरेदीचे बिल, बँकेच्या खात्याच्या उताऱ्यातील त्या देयकाचे पान, हिऱ्याचे प्रमाणपत्र, अंगठीची चार छायाचित्रे, मूळ फाइल्स ईमेलने, पोलीस नोंदीचा दाखला, निवासाचे बिल, पती व नणंद यांची सही केलेली निवेदने, सराफांचे कोटेशन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी)"

या पत्रात सर्वांत कष्टाने लिहिलेला भाग घटनेचा आहे आणि तो तसाच असायला हवा. त्यात तीन वेळा आहेत. अंगठी शेवटची दिसली ती वेळ, नाही हे कळलं ती वेळ आणि या दोहोंच्या मध्ये काय घडलं ती वेळ. या तिन्हींमधलं अंतर जितकं कमी, तितका 'गूढरीत्या नाहीशी झाली' या आक्षेपाला वाव कमी. "सहलीहून आल्यावर अंगठी नाही असं लक्षात आलं" या वाक्यात चार दिवसांचं अंतर असतं, आणि त्या चार दिवसांत ती लाटेत गेली की लॉजच्या न्हाणीघरात राहिली की मुळात घरातून नेलीच नव्हती, हे कोणालाच सांगता येत नाही. शिक्षिकेच्या पत्रात ते अंतर अर्ध्या तासाहून कमी आहे आणि त्यात एक ठोस अपघात आहे.

'निसटताना मी पाहिलेली नाही' हे वाक्य वाचून एखाद्याला वाटेल की बाईंनी स्वतःचाच दावा कमकुवत केला. माझ्या मते पत्रातलं हे सर्वांत मजबूत वाक्य आहे. लाटेत पडणाऱ्या माणसाला बोटातली अंगठी सुटताना दिसत नाही, हे चौकशी करणाऱ्यालाही कळतं. पाहिलं ते पाहिलं म्हणून आणि अनुमान ते अनुमान म्हणून वेगळं लिहिलेलं पत्र पुढच्या उलटतपासणीत टिकतं. "माझ्या डोळ्यांदेखत अंगठी वाहून गेली" असं लिहिलं असतं, तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर डळमळलं असतं.

त्या छायाचित्राबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि स्थाननोंद चालू असेल तर जागाही आपोआप साठवलेली असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते आणि चित्रही दाबलं जातं. म्हणून नणंदेच्या फोनमधला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवरून उचलून जोडण्याऐवजी तिच्याच फोनमधून मूळ फाइल ईमेलने मागवायची. किनाऱ्यावरच्या फोटोत अंगठी ठिपक्याएवढी दिसते. ती बोटात होती एवढंच त्यावरून सिद्ध होतं. ती कोणती अंगठी होती, हे दाखवायला जवळून काढलेला जुना फोटो लागतो. साखरपुड्याच्या किंवा बारशाच्या अल्बममध्ये असा एखादा सापडतोच.

आता मूल्याकडे वळू. पत्रातले आकडे कसे आले, ते पाहण्यासारखं आहे. बिलावर दोन वजनं असतात, एकूण आणि निव्वळ. एकूण वजनात हिराही मोजलेला असतो. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, त्यामुळे अर्ध्या कॅरेटचा हिरा 0.10 ग्रॅमचा, 4.20 मधून तो वजा केला की सोनं 4.10 ग्रॅम. पुष्कळ जण एकूण वजनालाच सोन्याचा भाव लावतात. इथे फरक किरकोळ आहे, पण माणिक किंवा पाचूच्या मोठ्या खड्याची अंगठी असेल तर हिशेब साफ बिघडतो. दुसरी चूक भावाची. वर्तमानपत्रात ठळकपणे छापला जातो तो साधारणपणे 24 किंवा 22 कॅरेटचा भाव. हिऱ्याची अंगठी बहुधा 18 कॅरेटमध्ये घडवतात, म्हणजे तिच्यात शुद्ध सोनं 75 टक्के. हॉलमार्कवर 750 हा आकडा असतो तो यामुळेच.

समजा घटनेच्या दिवशी शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला 1,20,000 रुपये धरला, तर 18 कॅरेटचा ग्रॅमचा भाव 9,000 रुपये येतो. 4.10 ग्रॅमचे 36,900 रुपये. घडणावळ ग्रॅमला 1,000 रुपये दराने 4,100. हिरा 70,000 रुपये. 2019 च्या बिलातही तो तेवढ्यालाच होता, आणि आपण भाव तोच धरला आहे. बेरीज 1,11,000, तीवर तीन टक्के जीएसटी 3,330, एकूण 1,14,330 रुपये. कोटेशन याच पद्धतीने, ओळीओळीने फोडून मागायचं. नुसती 'अंगठी, एक लाख चौदा हजार' अशी चिठ्ठी दिली तर सर्व्हेयर परत पाठवतो. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हे तर लिहायलाच हवं, कारण दोघांच्या किमतींत आज मोठी तफावत आहे आणि नुसत्या डोळ्यांनी तो फरक कळत नाही. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर वजन, रंग, स्वच्छता, पैलूंचा दर्जा सारं असतं. अनेक हिऱ्यांच्या कडेवर तो प्रमाणपत्र क्रमांक लेसरने कोरलेलाही असतो, आणि अंगठी पुढे कुठे सापडली तर ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तोही बिलावरून पत्रात उतरवून घ्यावा.

बाजारभाव 1,14,330 आणि मागणी 90,000, यातला फरक बाईंच्या पदरचा गेला. सोनं चढत राहिलं आणि यादीतली रक्कम जुनीच राहिली. तरीही त्या तुलनेने सुटल्या, कारण अंगठी यादीत वेगळी होती आणि पूर्ण गेली. तीच अंगठी 'सर्व दागिने, सहा लाख' अशा एका रकमेत असती आणि घरातल्या सगळ्या दागिन्यांची किंमत प्रत्यक्षात दहा लाख भरली असती, तर बहुतेक पॉलिस्यांमधलं सरासरीचं कलम लागू झालं असतं. विमा साठ टक्क्यांचा, म्हणून भरपाईही साठ टक्क्यांची, म्हणजे 1,14,330 च्या जागी 68,598 रुपये. त्यातही यादीत न लिहिलेल्या एकेका नगाला मर्यादा असेल तर याहून कमी. घडणावळ आणि जीएसटी धरायचे की नाही, हेही पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. आपण पूर्ण हिशेब मांडायचा. काय कापलं आणि कोणत्या कलमाखाली, हे कंपनीकडून लेखी मागायचं. 'मान्य मूल्य' पद्धतीची पॉलिसी असेल तर हा खटाटोप टळतो. तिच्यात पॉलिसी घेतानाच मूल्य ठरतं आणि वस्तू पूर्ण गेली की तेवढी रक्कम देय होते.

मूल्यांकनाच्या दाखल्यात एक धोका असतो. अंगठी हरवल्यानंतर ओळखीच्या मूल्यांककाकडून 'मी वरील दागिना तपासला' असा दाखला घेणारे लोक आहेत. हरवलेला दागिना कोणी तपासू शकत नाही, आणि दाखल्याची तारीख घटनेनंतरची असल्याचं पहिल्या नजरेत दिसतं. प्रामाणिक दाखल्यात असं वाक्य असतं: 'सादर केलेले बिल, प्रमाणपत्र व छायाचित्रे यांवरून हे मूल्य काढले आहे, वस्तू प्रत्यक्ष पाहिलेली नाही.' अशा दाखल्याला किंमत आहे. सरकारमान्य मूल्यांकक असेल तर त्याने नोंदणी क्रमांकासह सही करावी.

बिलच नसेल तर? आजीची अंगठी, सासूबाईंनी हातात घातलेली, बिल कुणाच्या स्वप्नातही नाही, अशी स्थिती अनेक घरांत आहे. मग पुरावा तुकड्यातुकड्यांनी उभा करावा लागतो. सराफाच्या जुन्या वहीत किंवा संगणकात नोंद मिळू शकते. अंगठी कधी लहान-मोठी करून घेतली, पॉलिश केली, खडा पक्का केला, त्याची पावती वजनासह असते. सोनेतारण कर्ज काढलं असेल तर बँकेच्या मूल्यांककाने केलेली वजन आणि कसाची नोंद हा फार चांगला पुरावा, कारण तो विम्याशी संबंध नसलेल्या माणसाने, हरवण्याच्या आधी, स्वतः पाहून दिलेला असतो. प्रतिज्ञापत्र जोडावं, पण एकट्या प्रतिज्ञापत्रावर दावा उभा राहत नाही.

पत्र पोचल्यावर मोठ्या रकमेच्या दाव्यात कंपनी सर्व्हेयर नेमते. आपल्या उदाहरणात तो घरी येतो, चहा नको म्हणतो आणि अगदी साधा प्रश्न विचारतो: "मॅडम, अंगठी सैल होत होती का?" या प्रश्नामागे पॉलिसीतली एक अट आहे, विमा काढलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेण्याची. अंगठी सैल आहे हे ठाऊक असून महिनोन्‌महिने तशीच घातली असेल तर कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा काढू शकते. शिक्षिका म्हणाल्या, "घट्टच होती हो. साबण लावल्याशिवाय निघायची नाही. त्या दिवशी हात ओले होते आणि जोरात आपटले." खरं असेल ते एवढ्याच साधेपणाने सांगावं. अंगठी थोडी सैल होती असं असेल, तर तेही सांगावं. थोडी सैल असणं आणि हलगर्जीपणा करणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यावर वाद घालता येतो. आधी एक आणि नंतर दुसरं सांगितलं, तर मात्र वाद घालायला जागा राहत नाही.

कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळला गेला, तर लगेच हार मानू नये. 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना बजावलं आहे की उशिराला योग्य कारण असेल तर केवळ उशिरापोटी खरा दावा नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयानेही ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या 2017 च्या निकालात हीच भूमिका घेतली. तो दावा ट्रक चोरीचा होता, पण उशिराचं समाधानकारक कारण दिलं असेल तर केवळ उशिरापायी दावा फेटाळू नये, हे तत्त्व अंगठीच्या दाव्यातही मांडता येतं. कारण मात्र पत्रात तारखांसह लिहिलेलं हवं.

भरपाई मिळाल्यानंतर अंगठी सापडली, असंही घडतं. कधी ओहोटीला कुणाला तरी वाळूत चमकताना दिसते. पैसे दिल्यावर त्या वस्तूवर कंपनीचा हक्क येतो, म्हणून गप्प बसायचं नाही. कंपनीला कळवून मिळालेली रक्कम परत करावी आणि अंगठी ठेवून घेता येईल का, हे विचारावं. पत्रातली 'सापडल्यास कळवीन' ही ओळ यासाठीच आहे.

दावा नाकारला किंवा न पटणारी कपात केली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा लोकपालाला अधिकार आहे आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रार मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत दाखल करावी लागते.